नवरा परदेशात असला तरी पोटगीचा दावा बुडत नाही

“नवरा परदेशात गेला की त्याला समन्स लागत नाही. समन्स लागलं नाही की केस चालत नाही. आणि निकाल लागला तरी पैसे कोण आणून देणार? कोर्टाच्या फेऱ्या फुकट.”

असा एक मेसेज फिरतो. त्यातलं पहिलं वाक्य चुकीच्या पत्त्यावर समन्स पाठवणाऱ्यांच्या अनुभवातून आलेलं आहे. समजा, कागलची सून माहेरी कोल्हापुरात परत आली आहे आणि नवरा दुबईत नोकरीला आहे. ती स्वतः राहते तिथे, म्हणजे कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं १२५) अर्ज करू शकते. पण अर्जात नवऱ्याचा पत्ता म्हणून सासरचं घर लिहिलं जातं. बेलिफ जातो, ‘इसम परदेशी’ असा शेरा मारून परततो, आणि तारखा पडत राहतात. सासऱ्यांनी कागद घेतला तरी ती बजावणी कच्ची. घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं, पण तो नवऱ्याबरोबर राहणारा हवा.

म्हणून अर्जातच दुबईचा राहण्याचा पत्ता, कंपनीचं नाव, ईमेल आणि चालू व्हॉट्सॲप नंबर द्या. न्यायालयाच्या शिक्क्याची प्रतिमा असलेलं समन्स आता इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येतं. त्यावर त्याचं ‘मी येणार नाही, काय करायचं ते कर’ असं उत्तर आलं, तर तो मेसेज जपा. केसमधला तो सर्वांत मोलाचा कागद ठरतो. कारण तो मुद्दाम समन्स टाळतोय किंवा हजर राहत नाही अशी न्यायाधीशांची खात्री झाली, तर कलम १४५ प्रमाणे प्रकरण एकतर्फी चालतं. योग्य कारण दाखवून तो निकाल रद्द करायला त्याला तीन महिने मिळतात. बजावणी कच्ची असेल तर नेमकं हेच कारण त्याच्या हाती लागतं.

आता पैसे. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. दरमहा १५,००० ठरले आणि निकालाला २० महिने लागले, तर ३ लाख निकालाच्या दिवशीच थकलेले असतात. दुबईचा पगार कोल्हापूरच्या न्यायालयाला थेट कापता येत नाही, एवढं त्या फिरणाऱ्या मेसेजमधलं खरं. पण त्याचं इथलं बँक खातं, फ्लॅट, शेती पकडता येते. दंडवसुलीप्रमाणे वॉरंट काढून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्यासाठी सातबारा आधीच काढून पाहा. जमीन एकट्या सासऱ्यांच्या नावावर आणि त्यांच्या स्वकमाईची असेल, तर तिला हात लावता येत नाही. वडिलोपार्जित असेल, तर नवऱ्याच्या हिश्श्यापुरतंच.

वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. बाई इथेच सर्वांत जास्त गमावते, कारण तो परत येईल तेव्हा बघू म्हणून थांबते. परत आल्यावर न भरलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण वॉरंट वेळेत मागितलेलं असेल तरच.