उपरोक्त विषयास अनुसरून... पण चेंबर कुठलं ते सांगा ना!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तुंबलेल्या चेंबरच्या तक्रारीचा मसुदा आला आणि माझं डोकंच फिरलं. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, सदरहू परिसरातील सांडपाणी निचरा व्यवस्थेकडे दुर्लक्ष करण्यात येत असल्याने रहिवाशांस गैरसोयीस सामोरे जावे लागत आहे, तरी योग्य ती कार्यवाही करण्यात यावी." खाली धडाधड अंगठे. अरे पण कुठलं चेंबर? कधीपासून तुंबलंय? आणि त्यांनी नेमकं करायचं काय?

मला लगेच आमच्या शेजारचे काका आठवले. दोन वर्षांपूर्वी त्यांना लाइटचं बिल आलं ७५२ युनिटचं, घरात दोन म्हातारी माणसं आणि एक फ्रिज. काकांनी सुंदर अक्षरात पानभर अर्ज लिहिला, त्यात "सदरहू" पाच वेळा होतं आणि मीटरचं रीडिंग एकदाही नव्हतं. खिडकीवरच्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "आजोबा, बिल जास्त आलंय एवढंच ना? मग भरा, पुढच्या महिन्यात बघू."

मला त्या बाईंचा राग आला होता, अजूनही येतो. पण खरं सांगायचं तर त्या कागदावरून कोणालाच काही करता आलं नसतं.

मग आम्ही दोघांनी बसून नवीन अर्ज लिहिला. प्रति, विषय, ग्राहक क्रमांक, महोदय हे सगळं ठेवलं, ते लागतंच. विषयात "वीज बिलाबाबत" एवढंच न लिहिता "मे महिन्याच्या बिलात मीटरचे रीडिंग चुकीचे आल्याबाबत" असं लिहिलं. आणि मजकूर एवढाच:

"माझ्या मे महिन्याच्या बिलात मागील रीडिंग ४०६० आणि चालू रीडिंग ४८१२ छापले आहे. आज, ९ जून रोजी, मीटरवर ४२०३ दिसत आहे. त्याचा फोटो जोडला आहे. नोंद करताना ४१८२ ऐवजी ४८१२ लिहिले गेले असावे, असे मला वाटते. कृपया रीडिंग पुन्हा तपासावे आणि दुरुस्त बिल द्यावे. तोपर्यंत माझा वीजपुरवठा खंडित करू नये, ही विनंती."

बघा, ४२०३ हे डोळ्यांनी दिसलेलं, म्हणून सरळ "दिसत आहे". आकडे उलटे पडले हा आमचा अंदाज, म्हणून "असावे". काकांना तिथे "आपल्या निष्काळजी कर्मचाऱ्यामुळे" घालायचं होतं, मी नाही घालू दिलं, कारण मग वाचणारा आधी कर्मचाऱ्याची बाजू घेतो आणि आकडा राहतो बाजूला.

आणि ते "तपासावे"! "तपासा" म्हटलं की हुकूम होतो. "तपासण्यात यावे" म्हटलं की कोणी तपासायचं तेच गायब. मधलं "तपासावे", शाळेत ज्याला विध्यर्थ म्हणायचो ते, त्यात आदर आपोआप येतो, एक "कृपया" पुरतं, सविनय-सादर-नम्र अशी रांग लावावी लागत नाही. आपल्या भाषेत इतकी चांगली सोय असताना आपण "करण्यात यावी"च्या मागे का लपतो?? आणि "योग्य ती कार्यवाही" तर लिहूच नका. योग्य काय ते त्यांनीच ठरवायचं म्हटल्यावर "नोंद घेतली" हेही योग्यच ठरतं. काही जण तर तिथे "कारवाई" लिहितात, म्हणजे चेंबर साफ करून हवं असतं आणि अर्जात मागतात कोणालातरी शिक्षा.

हो, कायदेशीर नोटीस असेल तर वकिलाचे ठरलेले शब्द लागतात, मान्य. ऑफिसातून उत्तरंही त्याच भाषेत येतात, तेही मान्य. पण आपण का तसं लिहायचं?

काकांना मी हेच विचारलं होतं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अगं, साधं लिहिलं तर अडाणी समजतात गं." चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस. तेव्हा मी काही बोलू शकले नाही. आत्ता हे टाइप करतानाही सकाळचा राग थोडा उतरलाय, ज्यांनी मसुदा लिहिला त्यांनाही कदाचित हीच भीती असेल.

काका दुसऱ्या दिवशी दोन प्रती घेऊन गेले, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक मारून आणला, आणि नंतर माणूस येऊन रीडिंग घेऊन गेला. दुरुस्त बिल १२२ युनिटचं आलं.

तर मी चेंबरचा अर्ज परत लिहायला घेतलाय. बी विंगच्या मागचं, पाण्याच्या टाकीजवळचं चेंबर, एवढं लिहून झालंय. पाणी वर यायला नक्की कुठल्या तारखेला लागलं ते तळमजल्यावरच्यांनी सांगा, आणि कोणाकडे फोटो असेल तर रात्रीपर्यंत पाठवा.