बोटं लांब की आखूड?

«माझी बोटं लांब की आखूड, हे नक्की कसं ठरवायचं? करंगळी तर फारच लहान दिसते.»

हात पाहून स्वभाव सांगताना बोटं हाताच्या मागच्या बाजूने मापू नका, तिथे बोट सांध्यापासून सुरू होतं आणि उगाच लांब भरतं. तळहाताकडून मधलं बोट मुळाच्या रेघेपासून टोकापर्यंत मोजा, नख सोडून. मग मनगटाच्या पहिल्या रेघेपासून (मणिबंध) मधल्या बोटाच्या मुळापर्यंत तळवा मोजा. समजा तळवा १० सेंमी आणि बोट ७.५ सेंमी, म्हणजे पाऊणपट. हे आखूडच धरतात. तेच बोट पावणेनऊच्या पुढे गेलं तर लांब. आता अंगठा सोडून तळव्याची रुंदी बघा. ती ८ सेंमी असेल तर तळवा लांबट, आणि लांबट तळवा अधिक आखूड बोटं म्हणजे अग्नितत्त्वाचा हात: उत्साही, झटपट निर्णय घेणारा, बारकाव्यांचा कंटाळा असलेला, असं मानतात. तळवा चौकोनी असता तर याच बोटांनी हात पृथ्वीतत्त्वाचा, म्हणजे व्यवहारी आणि कष्टाळू, ठरला असता.

करंगळीचं टोक अनामिकेच्या वरच्या पेराच्या रेघेपर्यंत पोचलं की ती साधारण समजतात. पण बरेचदा करंगळी आखूड नसते, तिचं मूळच इतर बोटांपेक्षा खाली असतं. म्हणून आधी चारही बोटांची मुळं एका ओळीत आहेत का ते पाहा. खाली बसलेल्या करंगळीचा अर्थ आत्मविश्वास कमी असा लावतात, खऱ्या आखूड करंगळीचा मनातलं बोलता न येणं असा. नुसत्या फोटोवरून सांगणारे इथेच फसतात, कारण हात जरा तिरका पडला तरी करंगळी खाली गेलेली दिसते.

अर्थात हे सगळे परंपरेतले ठोकताळे. स्वभाव असा मोजता येतो याला शास्त्रीय पुरावा नाही.