पीएफ ट्रस्टला तोटा झाला तर तो कोणाच्या खिशातून जातो?

“सावधान! तुमचा पीएफ कंपनीच्या ट्रस्टकडे असेल तर तो सरकारी पोर्टलवर दिसतच नाही, कारण तो तिथे जमाच नाही. ट्रस्ट तुमचे पैसे शेअर बाजारात लावते. बाजार पडला की तुमचा पीएफ पडला. कंपनी बुडाली की पीएफ शून्य आणि पेन्शनही गेली. सरकारी पीएफला मात्र सरकारची पूर्ण हमी आहे. जमेल तेवढे पैसे आजच काढून घ्या. प्रत्येक कामगारापर्यंत पोहोचवा.”

हा मेसेज माझ्या दाजींना त्यांच्या शिफ्टच्या ग्रुपवर आला. दाजी चाकणच्या एका कारखान्यात २२ वर्षं आहेत आणि ट्रस्टमध्ये त्यांचे १२ लाख साठलेत. रविवारी ताईचा फोन आला तेव्हा घरदुरुस्तीचं कारण दाखवून अॅडव्हान्सचा अर्ज भरून तयार होता. आलेले पैसे ते गावच्या पतसंस्थेत ठेवणार होते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. म्हणजे जोखीम टाळायला निघालेला माणूस जिथे हा विमाही नाही तिथे जाऊन बसणार होता. मी स्वतः नऊ वर्षं आमच्या कंपनीच्या पीएफ ट्रस्टवर कामगारांच्या बाजूने विश्वस्त होतो. हा मेसेज वाचून माझा संयम सुटला तो त्यामुळेच.

आधी बाजाराचं बघू, कारण सगळी घबराट तिथूनच सुरू होते. काही कंपन्यांना कामगारांचा पीएफ सरकारी पीएफ ऑफिसकडे न भरता स्वतःच्या ट्रस्टमध्ये ठेवायची सूट मिळालेली असते. असा पीएफ ट्रस्ट म्हणजे म्युच्युअल फंड नव्हे. तुमच्या नावावर युनिट नसतात, रोजचा भाव नसतो. तुमच्या नावावर असते ती खात्यातली शिल्लक, आणि तिच्यावर व्याज मिळतं. ट्रस्टने पैसे कुठे गुंतवायचे हेही सरकारने ठरवून दिलेलं आहे. बहुतेक पैसा सरकारी रोख्यांत आणि कर्जरोख्यांत जातो, शेअरशी संबंधित भाग जास्तीत जास्त १५ टक्के. सरकारी पीएफही २०१५ पासून ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडांत, पैसे घालतोय आणि तिथलं प्रमाणही २०१७ मध्ये १५ टक्क्यांवर गेलं. बाजाराची भीती वाटत असेल तर ती दोन्हीकडे सारखीच आहे.

आता खरा प्रश्न: ट्रस्टची गुंतवणूक बुडाली तर भरपाई कोण करतं? याचं उत्तर पीएफ योजनेच्या परिच्छेद २७एए खालच्या परिशिष्ट अ मध्ये लिहिलेलं आहे. ट्रस्ट चालवायची सूट कंपनीला ज्या अटींवर मिळते, त्या अटी तिथे आहेत. त्यातल्या दोन मी विश्वस्त असताना जवळजवळ पाठ केल्या होत्या. ट्रस्टने दिलेलं व्याज सरकारने जाहीर केलेल्या दरापेक्षा कमी असता कामा नये, आणि कमी पडलं तर तूट कंपनीने भरायची. दुसरी अट आणखी मोठी आहे. चोरी, घरफोडी, अफरातफर, अपहार “किंवा अन्य कोणत्याही कारणाने” फंडाचं नुकसान झालं तर तेही कंपनीनेच भरून द्यायचं. बुडालेला कर्जरोखा या “अन्य कोणत्याही कारणा”त बसतो. ट्रस्ट चालवण्याचा खर्चसुद्धा कंपनीचाच, फंडातून घ्यायचा नाही.

दाजींना मी हे आकडे घालून समजावलं. समजा ट्रस्टमध्ये सगळ्या कामगारांचे मिळून १०० कोटी आहेत. जाहीर दर ८.२५ टक्के, म्हणजे वर्षाचं व्याज द्यायचं ८ कोटी २५ लाख. गुंतवणुकीतून मिळाले फक्त ७ कोटी ६० लाख, म्हणजे ६५ लाख कमी. त्याच वर्षी ४ कोटींचे रोखे देणाऱ्या एका कंपनीने हात वर केले आणि ते पैसे पूर्ण गेले. एकूण खड्डा ४ कोटी ६५ लाखांचा. हा खड्डा सभासदांत वाटला असता तर दाजींच्या १२ लाखांमागे ५५,८०० रुपये आले असते. मेसेज ज्याची भीती घालतोय ते हेच. पण नियमाप्रमाणे कंपनीने ४ कोटी ६५ लाखांचा चेक ट्रस्टला द्यायचा, आणि दाजींच्या खात्यावर त्यांचं ९९,००० रुपये व्याज पूर्ण जमा व्हायचं. हे देणं आहे हे ऑडिटरनाही मान्य असतं. म्हणूनच इंड एएस १९ या लेखा मानकानुसार असा ट्रस्ट कंपनीची व्याजाची हमी मानला जातो आणि त्या हमीचं मूल्य अॅक्चुअरीकडून, म्हणजे अशा जोखमीचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाकडून, काढून घ्यावं लागतं.

हे सगळं फक्त कागदावर राहतं का, असं ताईने विचारलं. योग्य प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर प्रदेशचं उदाहरण सगळ्यात जवळचं. तिथल्या वीज कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने, ज्यात जुन्या आणि नव्या दोन्ही कर्मचाऱ्यांचा पीएफ होता, २०१७ पासून डीएचएफएल या खासगी गृहकर्ज कंपनीत ४,१०० कोटींहून जास्त रक्कम ठेवली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डीएचएफएलच्या पैसे देण्यावर बंधन घातलं तेव्हा त्यातले सुमारे २,२६८ कोटी अडकले. लक्षात घ्या, इथे शेअर बाजार कुठेच नव्हता. एकाच खासगी कंपनीवर इतका पैसा लावण्याचा निर्णय ट्रस्टच्या पातळीवर झाला होता. पुढे अटका झाल्या, तपास सीबीआयकडे गेला. पण कर्मचाऱ्यांना धीर मिळाला तो राज्य सरकारच्या लेखी हमीने: पैसे वीज महामंडळ देईल, त्याला जमलं नाही तर सरकार त्याला बिनव्याजी कर्ज देईल. ती हमीही कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवल्यावरच मिळाली.

इथे मला मेसेजमधली एक अर्धी गोष्ट मान्य करावी लागते, कितीही नकोशी वाटली तरी. ट्रस्टमध्ये जोखीम कामगाराच्या अंगावरून कंपनीच्या अंगावर जाते, पण कंपनीच खिळखिळी झाली तर तो भार पेलणार कोण? उत्तर प्रदेशात मागे राज्य सरकार उभं होतं. चाकणच्या कारखान्यामागे ते नसतं. म्हणून अटींत आणखी एक कलम आहे: कंपनी सलग तीन वर्षं तोट्यात गेली किंवा तिचं भांडवल झिजू लागलं तर सूट काढून घ्यायची आणि फंड पीएफ ऑफिसकडे वळवायचा. खड्डा मोठा व्हायच्या आत बाहेर काढण्याची ही सोय आहे. ती वेळेवर वापरली जाते की नाही, हे विश्वस्त आणि निरीक्षक जागे आहेत का यावर ठरतं.

कंपनी बुडाली तरी “शून्य” होत नाही. ट्रस्टचे रोखे ट्रस्टच्या नावावर असतात, कंपनीच्या नव्हे. दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३६(४) प्रमाणे पीएफची रक्कम कंपनी मोडीत काढताना देणी फेडायला विकायच्या मालमत्तेत धरली जात नाही, त्यामुळे बँका तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. धोका आहे तो फक्त न भरलेल्या तुटीला. माझ्या उदाहरणात १०० कोटींपैकी ४ कोटी ६५ लाखांना. तोही लहान नाही, पण शंभरातले शंभर आणि शंभरातले पाच यातला फरक न सांगणारा मेसेज कामगाराचं भलं करायला निघालेला नाही.

पेन्शनबद्दल थोडक्यात: ट्रस्टकडे फक्त पीएफ असतो. पेन्शनचा वाटा, म्हणजे १५,००० पर्यंतच्या पगारावर ८.३३ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये, ट्रस्ट असो वा नसो, दरमहा थेट पीएफ ऑफिसकडेच जातो.

पोर्टलवर रक्कम दिसत नाही हा तर पुरावाच नव्हे. सूट मिळालेल्या कंपनीच्या सभासदाला पीएफच्या साइटवर पासबुक मिळत नाही, कारण हिशेब ट्रस्टकडे असतो. तो हिशेब ट्रस्टने वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत तुम्हाला फुकट द्यायचा असतो. ती स्लिप मागा.

आणि सरकारी पीएफच्या हमीबद्दल: तिथे कोणताही दर आधी ठरवून दिलेला नाही. योजनेच्या परिच्छेद ६० प्रमाणे सरकारी पीएफच्या स्वतःच्या व्याज खात्यात जेवढे पैसे आहेत त्याच्या आतच दर ठरवायचा असतो. २०१८-१९ ला ८.६५ टक्के होता, २०२१-२२ ला ८.१ टक्क्यांवर आला. तिथे गुंतवणूक कमी पिकली तर ती कमतरता कोट्यवधी सभासद कमी व्याजाच्या रूपाने वाटून घेतात. ट्रस्टमध्ये तीच कमतरता एक कंपनी सोसते. म्हणून सरकारीकडे धोका पसरलेला असतो आणि ट्रस्टमध्ये तो एकाच्या डोक्यावर असतो, इतकाच फरक आहे. कंपनी दणकट असेल तर ट्रस्टचा सभासद उलट जास्त सुरक्षित असतो.

मग बघायचं काय? कंपनीच्या वार्षिक अहवालात कर्मचारी लाभांची टीप असते. तिथे ट्रस्टच्या मालमत्तेचं बाजारमूल्य आणि सभासदांना द्यायची रक्कम शेजारी दिलेली असते. दुसरी पहिल्यापेक्षा मोठी असेल तर तेवढी तूट आहे, आणि कंपनीने ती भरल्याची नोंद दिसायला हवी. स्लिपवरचा दर त्या वर्षीच्या जाहीर दराशी ताडून बघा. २०२३-२४ साठी तो ८.२५ होता. महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत ट्रस्टकडे गेली का, हे तुमचा निवडून दिलेला विश्वस्त सांगू शकतो. विश्वस्त मंडळात तुमच्या आणि कंपनीच्या बाजूचे लोक सारखेच असतात. त्यांची नावं माहीत नसतील तर आधी ती शोधा.

दाजींनी सोमवारी अर्ज परत घेतला. स्लिप मात्र त्यांना अजून मिळालेली नाही, वर्ष संपून आठ महिने झालेत. आता ते शिफ्टमधल्या अकरा जणांच्या सह्या घेऊन दोन्ही कामगार विश्वस्तांना पत्र देत आहेत: स्लिप द्या, आणि गेल्या तीन वर्षांत ट्रस्टला तूट पडली का, कंपनीने ती कधी भरली, हे लेखी सांगा.