जालना रोडवर आणखी उड्डाणपूल नको

संभाजीनगरचा नकाशा उघडला की तीन वेगळी गावं दिसतात. मधोमध दरवाज्यांचं जुनं शहर. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी ती हीच, तटबंदी पुढे औरंगजेबाच्या काळातली. पूर्वेला सत्तरच्या दशकात सिडकोने आखलेली वसाहत, पश्चिमेला वाळूज एमआयडीसी आणि तिच्याभोवती वाढलेलं बजाजनगर. राहायला पूर्वेला आणि नोकरीला पश्चिमेला, अशी हजारो माणसं रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात.

जायचं कुठून? सरळ रेघ जुन्या शहरातून जाते, पण तिथले रस्ते दरवाज्यांपाशी येऊन आवळतात. मकाई दरवाज्याच्या कमानीत समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला मागे घ्यावीच लागते, आणि मागे तोवर रिक्षांची रांग लागलेली असते. फोनवरचा नकाशा हाच रस्ता 'जवळचा' म्हणून दाखवतो. दुचाकीला तो ठीक आहे, चारचाकीने त्या नादी लागू नये.

म्हणून सगळा भार जालना रोडवर येतो. सिडको, सेव्हन हिल्स, मोंढा नाका, क्रांती चौक अशा चारही ठिकाणी उड्डाणपूल झाले, तरी कोंडी हटली नाही. कारण साधं आहे. मोंढा नाक्याच्या पुलावरून गाडी मिनिटभरात उतरते आणि आकाशवाणीच्या सिग्नलला उभी राहते. पुलाने वेळ वाचवला नाही, रांग फक्त पुढच्या चौकात नेली. पुढे नगर नाक्यानंतर छावणी लागते. लष्करी हद्दीतून समांतर रस्ता काढणं सोपं नाही, त्यामुळे वाळूजची बहुतेक वाहनं त्याच एका रस्त्याने जातात.

सिडकोत रस्ते रुंद आहेत, पण पत्ता शोधताना नवखा माणूस हमखास चुकतो. एन-४ सेक्टरनंतर एन-५ शेजारीच असेल असं वाटतं, पण एन-४ जालना रोडच्या दक्षिणेला आणि एन-५ उत्तरेला. एन-१ आणि एन-२ चंही तेच. चुकीच्या बाजूला उतरलात तर तो रस्ता ओलांडायला पुढचा चौक गाठावा लागतो. नुसता 'एन' आणि घर नंबर घेऊन निघू नका, जवळचा चौक किंवा मंदिर विचारून घ्या.

माझं स्पष्ट मत आहे की जालना रोडवर आणखी एक पूल बांधण्यापेक्षा तोच पैसा दक्षिणेच्या वळशावर खर्च करावा. झाल्टा फाट्यावरून बीड बायपास, देवळाई चौक, महानुभाव आश्रम, मग पैठण रोडवरून लिंक रोडने ए.एस. क्लब आणि तिथून वाळूज. अंतर जास्त आहे, पण वाटेत छावणीही नाही आणि दरवाजेही नाहीत. अडचण रेल्वे रुळांची आहे. मुकुंदवाडी, सिडकोतून बायपासवर यायचं तर रूळ ओलांडावे लागतात, आणि त्यासाठी मोजक्याच जागा आहेत. पूल तिथे हवेत. मुकुंदवाडीतून पाच मिनिटांत बायपासला लागता आलं, तर कारखान्यांच्या बस क्रांती चौकात येणारच नाहीत.