घडीखालचा ऑक्टोबर

आमच्या मामांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक मी पहिल्यांदा पाहिले ते एका छायाचित्रात, आणि त्या छायाचित्रात पासबुकाखेरीज मामांचा डावा अंगठा, जेवणाच्या टेबलावरील प्लास्टिकचे आच्छादन आणि लोणच्याच्या बरणीची सावली एवढ्या गोष्टी अगदी स्पष्ट दिसत होत्या. अस्पष्ट होते ते फक्त आकडे. सोबत मामींचा निरोप होता: "यात तुझ्या मामांचे पैसे किती, कंपनीचे किती आणि व्याज किती, एवढं एका कागदावर लिहून पाठव. आणि दिवाळीचा महिना दिसत नाही. कंपनीनं खाल्ला का, तेही बघ."

मूळ फाइलच पाठवा, अशी विनंती मी केली. त्यावर मामा म्हणाले, "फाइल कशाला? सायबर कॅफेत दहा रुपये देऊन छापून घेतलंय, ते वाया घालवू का?" छापलेला तो कागद चार घड्या घालून पाकिटात ठेवण्यात आला होता, नंतर उलगडून त्याचे छायाचित्र काढण्यात आले होते, आणि ते माझ्याकडे ज्या मार्गाने आले त्या मार्गाने येताना कोणतेही छायाचित्र निम्मे तेज वाटेतच सांडून येते.

पासबुकाची रचना तशी सरळ असते. प्रत्येक ओळीत आधी पगाराचा महिना, मग जमा झाल्याची तारीख, मग तपशील, त्यानंतर निधीसाठी धरलेला पगार व पेन्शनसाठी धरलेला पगार, आणि शेवटी आपल्याला हवे असलेले तीन रकाने: कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. मामांच्या प्रत्येक ओळीत हे तीन आकडे असेच असावेत असे वाटत होते: २,८८०, १,६३० आणि १,२५०. 'असावेत' म्हणतो याचे कारण असे, की छायाचित्रात ८ आणि ३ हे जुळे भाऊ झाले होते, आणि १,६३० हा आकडा काही ओळींत १,६८० तर काही ओळींत १,830 असा देवनागरी आणि रोमी लिपींच्या मध्ये कुठेतरी तरंगत होता.

फोनमध्ये छायाचित्रातील अक्षरे उचलून देण्याची सोय असते, ती मी वापरून पाहिली. तिने इमानेइतबारे सगळे आकडे उचलले आणि रकान्यांचा विचार न करता एकाखाली एक रचून दिले. त्यामुळे पहिल्या महिन्याचे पेन्शन दुसऱ्या महिन्याचा पगार झाले आणि मामांच्या हिश्शाशेजारी एक तारीख येऊन बसली. तेव्हा जुन्या पद्धतीने, कागदाच्या खाली पट्टी धरून एकेक ओळ वाचणे एवढेच उरले.

येथे मी पहिली चूक केली, आणि तीही पुरेशा आत्मविश्वासाने. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात आणि ३.६७ टक्के निधीत उरतात, हे मला तोंडपाठ होते. मामांचा निधीसाठी धरलेला पगार, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून, २४,००० रुपये. त्याचे ३.६७ टक्के होतात ८८१ रुपये. कागदावर तर १,६३० दिसत होते. मी लगेच निष्कर्ष काढला की छपाईचा दोष असणार, छायाचित्राचा दोष असणार, किंवा मामांच्या अंगठ्याचा तरी असणारच. हा आकडा मी तासभर उलटसुलट करून ८८१ सारखा दिसतो का ते पाहत होतो. माणसाचा विश्वास एकदा टक्केवारीवर बसला की डोळ्यांवर बसत नाही.

उलगडा झाला तो शेजारच्या रकान्यामुळे. पेन्शनसाठी धरलेला पगार २४,००० नव्हता, १५,००० होता. सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनसाठीच्या पगाराला सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांची मर्यादा आहे. पगार कितीही असला तरी ८.३३ टक्के त्या १५,००० वरच मोजतात, आणि ते होतात १,२५० रुपये. मालकाने मात्र पूर्ण २४,००० चे १२ टक्के, म्हणजे २,८८० रुपये भरलेले असतात. त्यातून १,२५० पेन्शनकडे गेले की उरतात बरोबर १,६३०. ३.६७ हा आकडा पगार १५,००० किंवा त्याहून कमी असेल तेव्हाच खरा ठरतो. माझ्या तोंडपाठ ज्ञानाने मामांचे दरमहा साडेसातशे रुपये तासभर हिरावून घेतले होते, आणि त्याबद्दल मी मामींना काहीही सांगितले नाही.

मात्र या चुकीतून एक किल्ली हाती आली. मालकाचा हिस्सा आणि पेन्शन यांची बेरीज कर्मचाऱ्याच्या हिश्शाएवढी यायला हवी, मग एखादा आकडा कितीही पुसट असो. १,६८० आणि १,२५० मिळून २,९३० होतात, तेव्हा तो ८ नसून ३ आहे. १,८३० घेतले तर ३,०८० होतात, तेव्हा तो ८ मुळात ६ आहे. या कसोटीवर एकेक ओळ लावत गेलो तसे जुळे भाऊ वेगळे होत गेले. (कर्मचाऱ्याने स्वखुशीने जास्त रक्कम कापून घेतली असेल तर ही किल्ली चालत नाही. पण मामा स्वखुशीने काही कापून घेतील अशी शंका त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही येणार नाही.)

आता प्रश्न दिवाळीच्या महिन्याचा. तपशिलाच्या रकान्यात `Cont. For Due-Month 042023` असे लिहिलेले असते, आणि तो महिना पगाराचा नसतो, तर पैसे भरण्याचा असतो. मार्चचा पगार झाला की त्याची वर्गणी एप्रिलमध्ये भरायची, म्हणून पासबुकाचे २०२३-२४ हे वर्ष मार्च २०२३ च्या पगारापासून सुरू होते आणि फेब्रुवारी २०२४ च्या पगारावर संपते. मामी मार्च २०२४ चा पगारही त्याच कागदावर शोधत होत्या, आणि तो न सापडल्याने कंपनीवरील आरोपपत्रात आणखी एक कलम वाढले होते. ते मी रद्द केले. पण `042023` पासून `032024` पर्यंत बोट फिरवत गेलो तेव्हा `102023` नंतर थेट `122023` आले. ऑक्टोबरच्या पगाराची, म्हणजे नोव्हेंबरमध्ये भरायची ओळ खरोखरच दिसत नव्हती. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरमध्येच होती. मामींचा संशय एकदम सज्ञान झाला.

मी दिसणाऱ्या अकरा ओळींची बेरीज केली. मामांचा हिस्सा ३१,६८० आणि मालकाचा १७,९३०. मग खाली वर्षाच्या एकूण वर्गणीची छापील ओळ पाहिली, तर तेथे ३४,५६० आणि १९,५६० असे आकडे होते. फरक काढला: एका रकान्यात २,८८०, दुसऱ्यात १,६३०. अगदी एका महिन्याचे पैसे, दोन्ही रकान्यांत. कंपनीने पैसे भरलेच नसते तर छापील बेरीजसुद्धा अकरा महिन्यांचीच आली असती, कारण ती बेरीज दिसणाऱ्या नोंदींचीच असते. बेरजेत बारा आणि डोळ्यांना अकरा, याचा अर्थ एक ओळ कागदावर होती, फक्त छायाचित्रात नव्हती. मी चित्र मोठे करून पाहिले. `102023` आणि `122023` यांच्या मधोमध पाकिटातील घडी गेली होती आणि दिवाळी तिच्या आत मिटलेली होती.

तरीही मामींसमोर घडीची साक्ष टिकेल असे वाटेना, म्हणून मी व्याजाला साक्षीला बोलावले. तेथे मामांचा अंगठा होता. `Int. Updated upto 31/03/2024` या ओळीत मामांच्या हिश्शाचे व्याज १६,६ असे सुरू होऊन नखाखाली शिरत होते. मालकाच्या हिश्शाचे ९,४५२ दिसत होते, आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य होते. ते शून्य बरोबरच आहे, कारण पेन्शनचे पैसे या खात्यात साठत नाहीत आणि त्यांवर व्याज लागत नाही.

नखाखालचा आकडा हिशेबाने काढता येतो. २०२३-२४ चा दर ८.२५ टक्के होता. वर्षाच्या आरंभी मामांच्या हिश्शाची शिल्लक १,८६,४०० रुपये होती, तिचे पूर्ण वर्षाचे व्याज झाले १५,३७८. वर्षभरात भरलेल्या वर्गणीवर मात्र ज्या महिन्यात ती जमा झाली त्याच्या पुढच्या महिन्यापासून व्याज लागते. म्हणजे एप्रिलमधल्या २,८८० वर अकरा महिने, मेमधल्या वर दहा, असे उतरत उतरत मार्चमधल्या वर काहीच नाही. हे महिने मिळून सहासष्ट होतात, आणि त्यांचे व्याज येते १,३०६ रुपये ८० पैसे. दोन्ही मिळून, रुपयात पूर्ण करून, १६,६८५. नोव्हेंबरचा भरणा झाला नसता तर त्यावरचे चार महिन्यांचे ७९ रुपये कमी होऊन व्याज १६,६०६ एवढेच दिसले असते. अंगठ्याच्या पलीकडे शेवटच्या आकड्याचा जो तुकडा डोकावत होता, तो ५ चा होता की ६ चा, यावर मी भिंग घेऊन पाच मिनिटे घालवली. शेवटी अखेरच्या शिलकेने वाद मिटवला: आरंभीचे १,८६,४००, वर्गणीचे ३४,५६० आणि व्याजाचे १६,६८५ मिळून २,३७,६४५ होतात, आणि `Closing Balance` च्या ओळीत तेच छापलेले होते. अंगठा तेथपर्यंत पोहोचला नव्हता.

मग मी मामींना हवा तसा कागद लिहिला. २०२३-२४ या वर्षात मामांचे ३४,५६०, कंपनीचे निधीत १९,५६०, शिवाय पेन्शनकडे वेगळे १५,०००. व्याज मामांच्या हिश्शावर १६,६८५ आणि कंपनीच्या हिश्शावर ९,४५२, म्हणजे एकूण २६,१३७. दोन्ही हिश्शांची अखेरची शिल्लक ३,७२,२५७. खाली एक टीप दिली की पेन्शनचे १५,००० या शिलकेत नाहीत, आणि त्यामुळे ते कोणी खाल्ले असे समजू नये.

संध्याकाळी मामींचा फोन आला. "घडी उलगडून पाहिली. आहे ऑक्टोबर," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा हाताशी आलेला खटला निसटल्याची हुरहुर अधिक होती. "पण मागची दोन वर्षंही बघून दे रे. आणि या वेळी छापील नको, मूळ फाइलच मागितलीये मी यांना."

अर्ध्या तासाने मामांकडून पुन्हा छायाचित्र आले. त्यांनी मूळ फाइल संगणकावर उघडली होती आणि त्या पडद्याचे छायाचित्र काढले होते. रकान्यांवर इंद्रधनुष्यी पट्टे उमटले होते, मध्यभागी फोन धरलेल्या मामांचे प्रतिबिंब होते, आणि व्याजाची ओळ नेमकी त्यांच्या चष्म्याच्या चकाकीत गेली होती.