थायरॉइडची गोळी आणि गळणारे केस: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

«थायरॉइडच्या गोळीनेच केस गळतात. गोळी सुरू केल्यावर केसगळती वाढली तर समजा गोळी मानवत नाही, लगेच बंद करा. पंधरा दिवसांत केस, त्वचा आणि नखे सुधारली नाहीत तर औषध चुकीचे आहे. त्याऐवजी रोज १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन घ्या, रिपोर्ट आपोआप सुधारतील. नखे तुटणे म्हणजे आयोडीनची कमतरता.»

हा संदेश गेले कित्येक महिने फिरत आहे आणि मी तो तितक्याच वेळा न वाचता सोडून दिला असता. परंतु माझ्या वहिनींनी तो नुसता वाचला नाही, तर अमलात आणला, आणि नंतर 'मला खरोखरच गुण आला' असे लिहून इतरांनाही पाठवला. त्यांना गुण आल्यासारखे का वाटले, हे समजले की संदेशातील मुख्य चूक आपोआप उघडी पडते, म्हणून त्यांच्या परवानगीने त्यांचीच हकिगत घेतो.

वहिनींची थायरॉइड ग्रंथी पुरेसे संप्रेरक तयार करत नाही, म्हणजे त्यांना हायपोथायरॉइडिझम आहे. केस विरळ होणे, पायांची कातडी कोरडी पडून फुटणे आणि नखांचे पापुद्रे सुटणे या तक्रारींवरूनच तपासणी झाली. थायरॉइडला कामाला लावणारे आणि तिचे संप्रेरक कमी पडले की वाढणारे टीएसएच बरेच वाढलेले निघाले, आणि जानेवारीच्या सुरुवातीला लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉक्सिन या कमी पडणाऱ्या संप्रेरकाचीच, गोळी सुरू झाली. फेब्रुवारीत केस कमी गळण्याऐवजी अधिक गळू लागले. महिनाअखेरीस हा संदेश आला आणि गोळी बंद झाली. एप्रिलमध्ये गळती खरोखर कमी झाली. घटनांचा क्रम खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग त्याचे मूळ काही आठवडे आवरते घेते आणि केस साधारण तीन महिने विश्रांतीच्या अवस्थेत नुसता अडकून राहतो. त्यानंतर तो गळतो आणि त्याच मुळातून नवा केस येतो. निरोगी माणसाच्या डोक्यावरचे दहापैकी जवळपास नऊ केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक मानले जाते. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की अनेक मुळे वेळेआधीच विश्रांतीत जातात आणि त्यांतून नवा केस लवकर निघत नाही. म्हणजे आज फणीत येणारा केस आजच्या रक्तातील स्थिती सांगत नाही. तो दोन-तीन महिन्यांपूर्वी घडलेल्या गोष्टीची खबर देतो.

आता वहिनींचे महिने पुन्हा पाहावेत. जानेवारीत गोळी सुरू झाली तेव्हा आधीच विश्रांतीत गेलेले असंख्य केस डोक्यावर अडकलेले होते. संप्रेरक मिळू लागताच मुळे जागी झाली, त्यांतून नवे केस वर येऊ लागले आणि जुने, सुटलेले केस बाहेर ढकलले गेले. फेब्रुवारीतील गळती म्हणजे आजार वाढल्याची नव्हे, तर मुळे पुन्हा कामाला लागल्याची खूण होती. अडकलेले केस संपत आले तशी एप्रिलमध्ये गळती ओसरली, आणि ती गोळी चालू असती तरी ओसरलीच असती. श्रेय मात्र गोळी बंद करण्याला मिळाले.

गोळी बंद केल्याचा खरा परिणाम त्या वेळी दिसतच नव्हता. रक्तातील थायरॉक्सिनचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो, त्यामुळे आधी घेतलेल्या गोळीचा साठा काही आठवडे पुरतो आणि आपल्याला काहीच झालेले नाही असे वाटत राहते. एप्रिलमध्ये मुळे पुन्हा विश्रांतीत जाऊ लागली, आणि जूनच्या अखेरीस वहिनींच्या उशीवर पुन्हा केस दिसू लागले. तोपर्यंत फेब्रुवारीतील निर्णय कुणाच्या ध्यानातही नव्हता, आणि दोष नव्या शाम्पूला दिला गेला! संदेश लिहिणाऱ्याला हा उशीर माहीत नसावा असे मी समजतो, कारण माहीत असूनही त्याने असे लिहिले असेल तर ते अधिक वाईट आहे.

एवढे मात्र मान्य करावे लागेल की या गोळीच्या माहितीपत्रकातही सुरुवातीच्या काही महिन्यांत केस गळू शकतात असे लिहिलेले असते. संदेशाला जो काही आधार आहे तो हाच, परंतु ही गळती सहसा तात्पुरती असते हे त्याच वाक्याचे उरलेले अर्धे आहे, आणि ते सोयीस्करपणे गाळले गेले आहे. आणखी एक बाब अशी की गरजेपेक्षा जास्त मात्रा घेतल्यास संप्रेरक अति होऊनही केस विरळ होतात. त्यासाठी टीएसएच पाहून मात्रा कमी करायची असते, गोळी सोडून द्यायची नसते. 'केस येत नाहीत' म्हणून स्वतःच मात्रा वाढवणारेही भेटतात. त्यांनी हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे विरळ होण्याचा धोका पत्करलेला असतो.

पंधरा दिवसांच्या मुदतीबद्दल फार लिहावे असे वाटत नाही, कारण तेवढ्या काळात गोळीचे रक्तातील प्रमाणच स्थिरावत नाही. त्याला पाच-सहा आठवडे लागतात आणि म्हणूनच मात्रा ठरवल्यानंतर किंवा बदलल्यानंतर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. एखाद-दुसऱ्यांदा मात्रा बदलावी लागली तर टीएसएच योग्य पातळीवर यायलाच तीन-चार महिने जातात, आणि केसांचे घड्याळ खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

सुधारणा एकाच वेळी होत नाही, हेही संदेशात कुठे नाही. सर्वांत आधी त्वचा सुधारते. या आजारात घाम आणि तेलकटपणा कमी होतो, त्वचेखालील रक्तप्रवाह मंदावतो आणि वरचा मृत थर जाड, खरखरीत होतो. त्वचेचा वरचा थर साधारण चार ते सहा आठवड्यांत नव्याने तयार होत असल्याने, मात्रा योग्य बसल्यावर एक-दोन महिन्यांत फरक हाताला जाणवतो. तोवर अंघोळीनंतर ओलसर अंगावरच साधे मलम लावल्याने कोरडेपणा सुसह्य होतो.

नखांना अधिक धीर लागतो, कारण नखाचा जो भाग आपल्याला दिसतो तो मृत असतो आणि तुटके नख कोणत्याही औषधाने जुळून येत नाही. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला सहा महिने लागतात, आणि पायाच्या अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष. प्रगती पाहायची असेल तर टोकाकडे न पाहता मुळाकडे पाहावे. उपचारानंतर तिथून येणारा भाग गुळगुळीत असेल, तर टोकाला पापुद्रे सुटत असले तरी काम योग्य दिशेने चालले आहे.

केसांच्या बाबतीत गळती कमी होणे ही पहिली पायरी आणि घनता परत येणे ही दुसरी, आणि या दोहोंत बरेच अंतर असते. टीएसएच योग्य पातळीवर आल्यानंतर गळती साधारण तीन महिन्यांत ओसरते. कपाळाच्या कडेला आणि भांगाजवळ आखूड, उभे राहणारे नवे केस दिसू लागतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे एकंदर घनतेतील फरक इतरांना जाणवायला सहा महिने ते वर्ष जाते. तीस सेंटिमीटर लांबीची वेणी पूर्वीसारखी जाड व्हायची असेल तर त्या नव्या केसांना तिथवर पोहोचायलाच अडीच वर्षे लागतील. हा हिशेब निराशाजनक वाटेल, पण तो आधी सांगितला असता तर वहिनींनी दुसऱ्या महिन्यात गोळी सोडली नसती.

बायोटिनविषयीचे वाक्य मला संपूर्ण संदेशात सर्वांत घातक वाटते. बायोटिन हे बी गटातील एक जीवनसत्त्व. प्रौढ माणसाला ते दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरते, आणि रोजच्या आहारातून सहसा मिळते. संदेशातील मात्रा त्याच्या तीनशेपटीहून अधिक आहे. खरी कमतरता नसलेल्या माणसात त्याने थायरॉइडमुळे गळणारे केस परत येतात याला भक्कम पुरावा नाही. पण प्रश्न केवळ निरुपयोगाचा नाही. अनेक प्रयोगशाळांत टीएसएच आणि थायरॉक्सिन मोजण्याच्या पद्धतीत बायोटिनच वापरलेले असते. रक्तात ते बाहेरून भरमसाट आले की अशा चाचणीत टीएसएच खोटे कमी आणि थायरॉक्सिन खोटे जास्त दिसते. 'रिपोर्ट आपोआप सुधारतील' हे वाक्य या अर्थाने भयंकर खरे आहे: आजार तसाच राहतो आणि कागद तेवढा सुधारतो. असा कागद पाहून डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, आणि ज्याला आधीच संप्रेरक अपुरे पडते आहे त्याला ते आणखी कमी मिळते.

ही माझी शंका नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बायोटिनमुळे प्रयोगशाळेतील चाचण्या चुकतात असा जाहीर इशारा दिला. केस, त्वचा आणि नखांसाठी विकल्या जाणाऱ्या काही पूरक गोळ्यांत दैनंदिन गरजेच्या ६५० पटींपर्यंत बायोटिन असते, असे त्यात नमूद आहे. हृदयविकाराच्या निदानासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची चाचणी बायोटिनमुळे खोटी कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूचाही त्यात उल्लेख आहे. ज्यांनी बायोटिन सुरू केले आहे त्यांनी थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस ते थांबवावे आणि डॉक्टरांना तसेच प्रयोगशाळेलाही सांगावे. मात्रा खूप मोठी असेल तर किती आधी थांबवायचे हे त्यांनाच विचारावे. टीएसएच एकदम खाली गेलेले दिसते आहे, पण थकवा, बद्धकोष्ठता आणि थंडी वाजणे तसेच आहे, अशी विसंगती दिसली की पहिला प्रश्न पूरक गोळ्यांविषयी विचारावा.

आयोडीनबद्दल एवढेच की तुटक्या नखांवरून त्याची कमतरता ओळखता येत नाही, आणि ग्रंथीवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला होत असेल तर जादा आयोडीनने थायरॉइड आणखी मंदावू शकते.

शेवटी एक मर्यादा, जी गोळीच्या बाजूने बोलणारेही क्वचित सांगतात. टीएसएच सहा महिने सलग योग्य पातळीवर राहूनही केस विरळच होत असतील तर कारण बहुधा दुसरीकडे असते. लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी त्यासाठी करावी, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवाव्यात, अन्यथा ती नीट शोषली जात नाही. फक्त भांग रुंदावत असेल तर तो आनुवंशिक विरळपणा असू शकतो. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले असतील तर ती चाई आहे, जी स्वयंप्रतिकारक थायरॉइडच्या रुग्णांत अधिक आढळते, पण थायरॉइडच्या गोळीने बरी होत नाही आणि तिच्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडून वेगळे उपचार घ्यावे लागतात. वहिनींना यांपैकी काही आहे का, हे आज सांगता येणार नाही, कारण त्यांची गोळी आता कुठे पुन्हा सुरू झाली आहे आणि पुढची टीएसएच तपासणी सहा आठवड्यांनी, बायोटिन थांबवून, व्हायची आहे.