अनारसे आणि आजीचं फडकं

सकाळी भाचीने अनारशांच्या रेसिपीची लिंक पाठवली. ‘मावशी, यातलं कामाचं तेवढं चार ओळींत लिहून दे ना.’ उघडलं तर आजीचा वाडा, तुळशीवृंदावन, पहाटेचं अभ्यंगस्नान, मग तांब्याची परात, मग परातीचा इतिहास. अंगठा दुखला, तांदूळ काही येईनात. अहो, दिवाळी तोंडावर आलीय, लोकांनी भिजवायचं कधी?

(एवढ्या लांबणीत मधेमधे येणाऱ्या जाहिरातींमुळे त्या ब्लॉगवाल्या बाईंच्या घरात चार पैसे येत असतील, मान्य. पुढे.)

तरीही मी चार ओळींत लिहून दिलं नाही. कारण गेल्या वर्षी नेमकं तेच केलं होतं. अशीच एक लांबलचक पोस्ट, मी वहीत उतरवलं: तांदूळ तीन दिवस भिजवा, वाळवा, दळा, गूळ घाला, तळा. ‘आजी फडक्यावर तांदूळ पसरून सारखी हात लावून बघायची’ हे वाक्य आठवणीतलं लाडिक वाटलं, म्हणून उडवलं. आणि तांदूळ रात्रभर पंख्याखाली कडकडीत वाळवले.

रेसिपी त्याच वाक्यात होती! तांदूळ हाताला ओलसर लागत असतानाच दळायचे असतात. त्या ओलीवर गूळ सुटतो आणि गोळा होतो. माझं पीठ भुसभुशीत, गोळा होईना, म्हणून मी शहाणीने गूळ वाढवला. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. म्हणजे पसरून, विरघळून, कढईभर चुरा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

तर भाचीला दिलं ते असं. जुना तांदूळ तीन दिवस भिजव, पाणी रोज बदल. चौथ्या दिवशी निथळून सावलीत फडक्यावर पसर, ओलसर असतानाच दळ आणि चाळ. मोजायचं ते चाळलेलं पीठ, तांदूळ नव्हे. पिठाइतकाच किसलेला गूळ आणि चमचाभर तूप. मळून घट्ट गोळे करून डब्यात चार-पाच दिवस ठेव. मग खसखशीवर थाप, खसखस वर ठेवून मंद आचेवर तुपात एकेक तळ, उलटू नकोस, वरून झाऱ्याने तूप उडव. आधी एकच तळून बघ. हसला तर थोडी तांदळाची पिठी मळ, कडक झाला तर दुधाचा हात लाव.

चार ओळींच्या वर गेलं, माहितेय. पण आता त्या ब्लॉगवाल्या बाईंवरचा राग जरा उतरलाय. वाडा, वृंदावन, परात खुशाल गाळा. कोणी हाताने चाचपलं, नाकाने ओळखलं असं कुठे दिसलं की मात्र तिथे थांबा, तेवढं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या.

भाचीचा आत्ताच मेसेज आला: ‘फडकं सुतीच हवं का?’

हो गं बाई, सुती.